चौदाला भागायचे कशाने? आंबा बागायतदारांच्या एका मतचाचणीचा प्रकरण अभ्यास

एप्रिलच्या मध्यावर, हापूसची काढणी ऐन भरात असताना, देवगड तालुक्यातील आमच्या गावच्या आंबा बागायतदार संघाच्या सचिवांनी रात्री माझ्या मोबाइलवर एक स्क्रीनशॉट पाठवला. खाली एकच ओळ होती : "सर, ह्येचे टक्के काढून देवा, परवा निवेदन घेवन तालुक्याक जावचा आसा." मी अनेक वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले असल्यामुळे गावात टक्के काढण्याची कामे माझ्याकडेच येतात, आणि त्यांतील बहुतेक दहा मिनिटांत होतात. या कामाला तीन दिवस लागले. त्याची हकिकत येथे क्रमाने लिहीत आहे. संघाची आणि वाड्यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

स्क्रीनशॉट संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरील मतचाचणीचा होता. प्रश्न असा होता : "यंदा तुमच्या बागेत सर्वात जास्त नुकसान कशाने झाले?" त्याखाली सहा पर्याय आणि प्रत्येकासमोर मतांचा आकडा : थ्रिप्स १४, वानर-माकडे ११, अवकाळी पाऊस ६, तुडतुडा ४, भुरी ०, इतर १. टक्केवारी कोठेही नव्हती. व्हॉट्सअॅपच्या मतचाचणीत मतांची संख्या आणि आडवी पट्टी एवढेच दिसते. सचिवांच्या पुतण्याने पट्ट्यांवर पट्टी ठेवून लांबी मोजण्याचा प्रयत्नही करून पाहिला होता. तो प्रयत्न निरुपयोगीच होता, कारण पट्टी कशाच्या प्रमाणात काढली आहे हे चित्रात लिहिलेले नसते आणि शेजारी नेमका आकडा असताना पट्टी मोजण्याचे कारणही नसते.

वरकरणी किरकोळ दिसणाऱ्या या आकड्यांवर एक व्यावहारिक निर्णय अवलंबून होता. थ्रिप्स, म्हणजे मोहोर आणि कोवळ्या फळावर येणारे फुलकिडे, हा विषय कृषी कार्यालयाचा, तर वानर-माकडांच्या उपद्रवाचा विषय वन खात्याचा. संघाला एकाच कार्यालयात जोर लावायचा होता, आणि पहिला क्रमांक कोणाचा यावरून ते कार्यालय ठरणार होते.

माझ्याकडे येण्याआधी घरातच दोन वेगवेगळी उत्तरे तयार झाली होती. पुतण्याने आकडे तक्त्यात भरून हे सूत्र लावले होते :

```
=B2/SUM(B$2:B$7)*100
```

सर्व मतांची बेरीज ३६, म्हणून थ्रिप्सचे ३८.९ टक्के. सचिवांनी मात्र ग्रुपवर मते देणारी माणसे मोजली होती. ती २७ भरली, म्हणून त्यांच्या हिशेबाने थ्रिप्सचे ५१.९ टक्के. तिसरे उत्तर संघाच्या अध्यक्षांचे होते : ग्रुपवर १८६ सभासद आहेत, त्यांपैकी १४ म्हणजे जेमतेम साडेसात टक्के, तेव्हा निवेदनच कशाला? अंश तिघांचाही १४ च होता. फरक पडला होता तो छेदात.

यांपैकी चूक कोणाचे, हे केवळ स्क्रीनशॉट पाहून ठरवता येत नाही, आणि या प्रकरणातील पहिली अडचण नेमकी हीच होती. प्रश्नाच्या मजकुराखाली बारीक अक्षरांत "एक किंवा अधिक निवडा" असे लिहिलेले होते. मतचाचणी तयार करताना अनेक उत्तरे निवडू देण्याचा पर्याय आपोआप चालू असतो, तो आपण होऊन बंद करावा लागतो, आणि ज्याने चाचणी टाकली त्याने तो बंद केलेला नव्हता. म्हणजे प्रश्न विचारला होता "सर्वात जास्त" नुकसानाचा, आणि मुभा होती हवी तितकी कारणे निवडण्याची. अशा वेळी मतांची बेरीज आणि माणसांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी होतात. चित्रातील आकड्यांवरून माणसे किती असावीत याच्या फक्त दोन टोकांच्या मर्यादा सांगता येतात : थ्रिप्सला १४ मते आहेत म्हणून किमान १४ माणसे, आणि प्रत्येकाने एकच मत दिले असेल तर जास्तीत जास्त ३६. त्यामुळे थ्रिप्सचे प्रमाण ३९ टक्क्यांपासून थेट १०० टक्क्यांपर्यंत काहीही असू शकले असते. खरी संख्या मिळवायची तर मूळ ग्रुपवर जाऊन मतदारांची यादी उघडणे भाग होते. सचिवांनी तसे केले होते, म्हणून त्यांचा २७ हा छेद या टप्प्यावर योग्य होता.

पुतण्याचे ३८.९ टक्केही निरर्थक नव्हते. "दिलेल्या मतांपैकी ३८.९ टक्के मते थ्रिप्सला" हे वाक्य खरे आहे, मात्र "३८.९ टक्के बागायतदार" हे खोटे आहे. ३६ ने भागल्यावर सर्व टक्क्यांची बेरीज शंभराच्या आसपास येते (पुतण्याची १००.१ आली, ती दशांश पूर्ण करताना) आणि बेरीज शंभर जुळली की माणसाला हिशेब बरोबर वाटू लागतो. सचिवांच्या टक्क्यांची बेरीज १३३.३ येत होती. एका माणसाला अनेक उत्तरे देता येत असतील तर ती शंभराच्या वर जाणारच, पण निवेदनात ही गोष्ट लिहिली नाही तर तालुक्याच्या कार्यालयातील पहिलाच वाचक बेरीज करून कागद बाजूला ठेवील. अध्यक्षांचे १८६ हे तर ग्रुपचे आकारमान होते. मत न देणाऱ्याने "थ्रिप्सचे नुकसान नाही" असे सांगितले आहे असे धरले तरच तो छेद चालला असता, आणि काढणीच्या दिवसांत गप्प राहणाऱ्या बागायतदाराबद्दल तसे धरणे धाडसाचे होते.

मतदारांची यादी मी सचिवांकडून मागवून घेतली आणि गावच्या नोंदवहीशी ताडून पाहिली. २७ क्रमांकांमध्ये तीन घरांचे दोन-दोन क्रमांक होते : दोन घरांत बाप-लेक आणि एका घरात दोघे भाऊ. बाग एकच, नुकसान एकच, पण मते दोन. प्रश्न "तुमच्या बागेत" असा असल्यामुळे मोजण्याचे एकक माणूस नसून बाग आहे, म्हणून अशा जोड्या एकत्र केल्या. तिन्ही घरांत दोघांचे उत्तर सारखे आणि एकेकच होते, त्यामुळे कोणाचे मत ठेवायचे हा वाद उद्भवला नाही. दोन जोड्या थ्रिप्सच्या होत्या आणि एक वानर-माकडांची. आता बागा २४ झाल्या. थ्रिप्स १२, वानर-माकडे १०, पाऊस ६, तुडतुडा ४, इतर १. सचिवांनी निवेदनाच्या मसुद्यात ठळक अक्षरांत लिहिलेले "निम्म्याहून अधिक" हे शब्द एवढ्या एका दुरुस्तीने गळून पडले. १२ भागिले २४ म्हणजे बरोबर ५० टक्के.

यापुढचा भाग लहान नमुन्याचा. २४ बागांमध्ये एका बागेचे वजन ४.२ टक्के होते. म्हणजे या नमुन्यात ५० नंतरची पुढची शक्य टक्केवारी ५४ आणि आधीची ४६ आहे, मधले काहीही येऊच शकत नाही. अशा ठिकाणी दशांश चिन्हानंतरचा आकडा लिहिणे म्हणजे डाळीच्या तराजूवर सोने तोलण्यासारखे आहे. म्हणून तक्त्यातील सूत्र मी असे बदलले :

```
=ROUND(B2/24*100,0)
```

थ्रिप्स ५०, वानर-माकडे ४२, पाऊस २५, तुडतुडा १७. "इतर"मधील एका बागेला मी टक्केवारी दिलीच नाही. "एक बाग" असे लिहिले. भुरीला शून्य मते होती, तेव्हा सचिवांनी विचारले की यंदा गावात भुरीने नुकसान झालेच नाही असे लिहावे काय. तसे लिहिता येत नाही. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या २४ बागांत एखादी गोष्ट एकदाही आढळली नाही, तरी एकूण बागांत तिचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांपर्यंत असू शकते. तीनला नमुन्याच्या संख्येने भागले की ही मर्यादा ढोबळमानाने मिळते.

अनिश्चितता किती, याचाही एक हाताने करता येण्याजोगा हिशेब आहे. एकला नमुन्याच्या संख्येच्या वर्गमुळाने भागावे. २४ चे वर्गमूळ ४.९, म्हणून उत्तर ०.२०, म्हणजे दोन्ही बाजूंना २० टक्के. थ्रिप्सचे ५० टक्के म्हणजे साधारण ३० ते ७० यांमधील काहीतरी. १९२७ साली विल्सन यांनी मांडलेल्या पद्धतीने हाच हिशेब नीट केला तर ३१ ते ६९ येते, त्यामुळे ढोबळ नियमाने येथे फारसे बिघडत नाही. तो बिघडतो लहान टक्केवारीला : तुडतुड्याच्या १७ मधून २० वजा केले तर शून्याच्या खाली जाते, आणि विल्सन पद्धतीने उत्तर येते ७ ते ३६. गावात एकूण बागाच १५० आणि त्यांतील २४ ची उत्तरे हाती, म्हणून ही रुंदी थोडी कमी धरता येते, थ्रिप्ससाठी १९ ऐवजी १७ च्या आसपास. त्याने चित्र बदलत नाही.

सचिवांना या अंतराशी फारसे देणेघेणे नव्हते. त्यांचा प्रश्न थेट होता : १२ मोठे की १० मोठे? "बारा म्हणजे बाराच ना, सर?" हा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर दोन टक्केवाऱ्यांची अंतरे शेजारी-शेजारी ठेवून देता येत नाही, कारण पाच बागांनी थ्रिप्स आणि वानर-माकडे ही दोन्ही उत्तरे दिली होती. या पाच बागा कोणत्याच बाजूला झुकत नाहीत. उरतात फक्त थ्रिप्स निवडून वानरे न निवडणाऱ्या सात बागा आणि वानरे निवडून थ्रिप्स न निवडणाऱ्या पाच. मी सचिवांना एक रुपयाचे नाणे देऊन सांगितले की हे १२ वेळा उडवले तर सात किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता शंभरात ३९ आहे. सातास पाच एवढा फरक तर नाणेही सहज दाखवते. सचिवांनी ओटीवर बसून खरोखरच १२ वेळा नाणे उडवले. आठ छापे पडले, आणि त्यानंतर "क्रमांक एक" हा शब्द त्यांनी स्वतःच मसुद्यातून खोडला.

येथपर्यंतचा सारा हिशेब असे धरून चालला होता की या २४ बागा गावातील १५० बागांमधून चिठ्ठ्या टाकून निवडल्या आहेत. वस्तुस्थिती तशी नव्हती, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वात मोठा दोष येथेच होता. वर्गमुळाचा कोणताही हिशेब तो दाखवत नाही. आमचे गाव दोन भागांत आहे : खाडीकाठच्या वाड्या आणि वर सडा, म्हणजे कातळाचे पठार. नोंदवहीप्रमाणे खाडीकाठी ५० बागा आहेत आणि सड्यावर १००. उत्तरे मात्र खाडीकाठच्या १५ बागांची आली आणि सड्यावरच्या केवळ ९. चाचणी टाकणारा तरुण खाडीकाठचा, त्याचे शेजारी आधी बघणार. सड्यावर मोबाइलची रेंज जाते-येते, आणि काढणीच्या दिवसांत तिथली माणसे रात्री राखणीला बागेत असतात. शिवाय या ग्रुपवर मत देण्याआधीच इतरांची मते दिसत होती. पहिल्या तासात थ्रिप्स पुढे गेल्याचे पाहून पुढच्यांनी तोच पर्याय दाबला असेल काय, हे नुसत्या निकालावरून समजणार नव्हते.

दोन्ही भाग वेगळे मोजले तेव्हा निकालाचा रंगच पालटला. खाडीकाठच्या १५ पैकी १० बागांनी थ्रिप्स सांगितले होते आणि ३ बागांनी वानर-माकडे. सड्यावरच्या ९ पैकी थ्रिप्स २ आणि वानर-माकडे ७. आता खाडीकाठला त्याच्या खऱ्या हिश्शाप्रमाणे एक तृतीयांश आणि सड्याला दोन तृतीयांश वजन दिले, तर थ्रिप्स ३७ टक्क्यांवर उतरतात आणि वानर-माकडे ५९ टक्क्यांवर जातात. म्हणजे ज्या स्क्रीनशॉटच्या आधारे संघ कृषी कार्यालयात जाणार होता, त्याच उत्तरांवरून वन खात्याकडे जाण्याची शिफारस निघते.

हे पाहून अध्यक्षांनी आग्रह धरला की मग ५९ टक्के हाच आकडा निवेदनात छापावा. त्यालाही मी नकार दिला, आणि त्यांना तो आवडला नाही. वजन देऊन काढलेल्या या ५९ पैकी ५२ टक्के सड्यावरच्या नऊ बागांनी उभे केले आहेत. त्या नऊपैकी एका बागेने उत्तर बदलले तर एकूण आकडा सात टक्क्यांहून अधिक हलतो. आधीच्या टक्केवारीत एका बागेमागे चार टक्के हलत होते, त्यामुळे हा आकडा दुरुस्त झाला असला तरी अधिकच डळमळीत आहे. शिवाय त्या नऊ बागा सड्यावरच्या शंभरांचे प्रातिनिधिक चित्र देतात याचाही पुरावा नव्हता. ज्यांच्याकडे वानरांचा त्रास जास्त, त्यांनीच रेंज शोधून मत दिले असेल. वजन देण्याने एवढेच कळले की क्रम पालटू शकतो. खरा क्रम कोणता, ते त्याने कळत नव्हते.

"टक्के नसले तर सायेब कागद वाचूचे नायत," असे सचिवांचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य होते. म्हणून टक्के ठेवले, पण प्रत्येक टक्क्याच्या आधी बागांची संख्या आली. शेवटी निवेदनात गेलेला परिच्छेद असा होता :

"संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घेतलेल्या चाचणीत गावातील १५० पैकी २४ बागांकडून उत्तरे आली. एका बागेला एकाहून अधिक कारणे निवडता येत होती, त्यामुळे टक्क्यांची बेरीज शंभराहून अधिक होते. १२ बागांनी (५० टक्के) थ्रिप्स, १० बागांनी (४२ टक्के) वानर-माकडे, ६ बागांनी (२५ टक्के) अवकाळी पाऊस, ४ बागांनी (१७ टक्के) तुडतुडा आणि एका बागेने इतर कारण सांगितले. पहिल्या दोन कारणांतील फरक एवढ्या लहान संख्येवरून निश्चित मानता येत नाही. उत्तरे स्वेच्छेने आलेली असून खाडीकाठच्या ५० पैकी १५ आणि सड्यावरील १०० पैकी ९ बागांनी ती दिली आहेत. खाडीकाठी थ्रिप्सचा, तर सड्यावर वानर-माकडांचा उल्लेख अधिक आढळला. हे आकडे संपूर्ण गावाची टक्केवारी म्हणून वापरू नयेत."

शेवटून दुसऱ्या वाक्यात टक्के मुद्दाम घातलेले नाहीत. १५ पैकी १० आणि ९ पैकी ७ यांना "६७ टक्के" आणि "७८ टक्के" असे लिहिले असते, तर पुढच्या बैठकीत कोणीतरी तेवढेच दोन आकडे उचलले असते. स्क्रीनशॉटही निवेदनाला जोडला नाही. तो दुपारपर्यंतचा होता आणि त्याच्याही आधीचा, थ्रिप्सला ११ मते दाखवणारा, दुसरा एक स्क्रीनशॉट गावात फिरतच होता. मतदान चालू असताना काढलेल्या चित्रावर तारीख-वेळ नसेल तर कोणते चित्र शेवटचे, यावरच वाद होतात.

निवेदन दोन प्रतींत गेले, एक कृषी कार्यालयाला आणि एक वन खात्याला. सड्याचा प्रश्न मात्र उघडाच राहिला, म्हणून सचिवांनी नोंदवहीतील सड्यावरच्या १०० बागांच्या चिठ्ठ्या करून त्यांतून ३० उचलल्या आहेत. काढणी संपली की त्या ३० बागांना फोन करून किंवा प्रत्यक्ष जाऊन एकच प्रश्न विचारायचा आहे आणि उत्तरही एकच घ्यायचे आहे. शंभरातून ३० म्हटल्यावर दोन्ही बाजूंना १५ टक्क्यांच्या आसपास चूक राहीलच, हे त्यांना आधीच सांगून ठेवले आहे. चिठ्ठीत आलेली बाग फोन उचलत नसेल तर तिच्या जागी शेजारची घ्यायची नाही, दोनदा जायचे आणि तरीही भेट झाली नाही तर "उत्तर नाही" असे नोंदवायचे, एवढी एकच अट मी घातली आहे.